log σ विरुद्ध 1/T च्या रेषेवरून आयनाच्या उडीची सक्रियण ऊर्जा: उतार कोणता घ्यायचा आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा

प्रश्न: लिथियम आयन वाहून नेणाऱ्या सिरॅमिक पेलेटचा रोध मी २५ ते १०० अंश सेल्सिअसमध्ये सहा तापमानांना मोजला. log σ विरुद्ध 1000/T आलेख अगदी सरळ आला, त्यातून ०.३२ ईव्ही निघाले. गाइड म्हणतात σ ऐवजी σT घे. तसं केलं तर रेषा तितकीच सरळ येते, पण उत्तर ०.३५ ईव्ही. खरं कोणतं? आणि दशांशाच्या किती स्थळांपर्यंत लिहू?

उत्तर: ०.३५ लिहा. गाइडचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे.

आयन एका जागेवरून शेजारच्या रिकाम्या जागेत उडी मारतो, तेव्हा त्या उड्यांचा वेग `exp(-Ea/kT)` या पदाप्रमाणे बदलतो. विसरण गुणांक D ह्या वेगाच्या थेट प्रमाणात असतो. वाहकता मात्र D च्या थेट प्रमाणात नसते. विद्युतक्षेत्रामुळे पुढच्या दिशेच्या उड्या मागच्या दिशेपेक्षा किंचित जास्त होतात आणि हा फरक क्षेत्राने दिलेली ऊर्जा भागिले kT इतकाच असतो. तापमान वाढलं की उष्णतेची धडपड वाढते आणि क्षेत्राचा हा कल त्या प्रमाणात फिका पडतो. नर्न्स्ट-आइन्स्टाइन समीकरणात भाजकात बसलेला kT हाच:

```
σ = n q² D / (kT)
σT = A · exp(-Ea / kT)
```

म्हणून शुद्ध घातांकी वागणूक σT ची असते, σ ची नाही. नुसता σ घेतला तर तो T रेषेच्या उतारात लपून बसतो आणि उत्तर साधारण kT इतकं कमी येतं. तुमच्या पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे ३३४ केल्विनला, kT ची किंमत ०.०२९ ईव्ही आहे. ०.३५ आणि ०.३२ मधला फरक नेमका तेवढाच. दोन्ही रेषा सरळ दिसतात कारण एवढ्या अरुंद पट्ट्यात log T सुद्धा जवळपास सरळच असतो. R² कडे बघून या दोघांत निवड करता येत नाही. निवड समीकरणावरून करायची.

ऊर्जा कमी असेल तर हाच फरक फार महागात पडतो. सिल्व्हर आयोडाइड १४७ अंश सेल्सिअसच्या वर ज्या रूपात असतं, त्यात चांदीचे आयन जवळजवळ द्रवासारखे वाहतात. तिथे σ च्या आलेखातून सुमारे ०.०५ ईव्ही मिळतात आणि त्याच आकड्यांतून σT घेतल्यावर जवळपास दुप्पट. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्यांचा उभा अक्ष कोणता होता ते पाहा. साहित्यातले निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता आकडे प्रत्यक्ष चालवून बघू. समजा पेलेट १.२० मिलिमीटर जाड आणि १०.० मिलिमीटर व्यासाची आहे, दोन्ही बाजूंना सोन्याचा थर. क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जाडी भागिले क्षेत्रफळ ०.१५२८ प्रति सेंटिमीटर. याला रोधाने भागलं की σ मिळतो, सीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये. σ ला केल्विनमधल्या तापमानाने गुणलं की σT.

| तापमान (°से) | 1000/T | रोध (ओहम) | log σ | log σT |
|---|---|---|---|---|
| २५ | ३.३५४० | ७६४ | −३.६९९ | −१.२२५ |
| ४० | ३.१९३४ | ४१५ | −३.४३४ | −०.९३८ |
| ५५ | ३.०४७४ | २४३ | −३.२०२ | −०.६८५ |
| ७० | २.९१४२ | १४७ | −२.९८३ | −०.४४८ |
| ८५ | २.७९२१ | ९४.२ | −२.७९० | −०.२३६ |
| १०० | २.६७९९ | ६१.६ | −२.६०५ | −०.०३४ |

शेवटच्या स्तंभातून न्यूनतम वर्ग पद्धतीने रेषा काढली की उतार −१.७६३ येतो. दहाच्या पायाचा log आणि आडव्या अक्षावर 1000/T असेल तर ऊर्जा काढायला एकच गुणक पुरतो:

```
Ea (eV) = 0.1984 × |slope|
        = 0.1984 × 1.763 = 0.350
```

हा ०.१९८४ म्हणजे २.३०३ × ८.६१७×१०⁻⁵ × १०००. नैसर्गिक log घेतला असेल तर २.३०३ गळतो आणि गुणक ०.०८६२ होतो. चुका बहुतेक इथेच होतात, पण त्या ओळखायला सोप्या असतात. दहाच्या पायाचा log घेऊन २.३०३ विसरलात तर ०.३५० च्या जागी ०.१५२ येईल. किलोज्यूल प्रति मोल हवे असतील तर ईव्हीला ९६.४९ ने गुणा; इथे ३३.८ येतात. log σ चा स्तंभ वापरला तर उतार −१.६१८ आणि ऊर्जा ०.३२१. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे.

हिशेब हाताने एकदा करून बघा, नंतर हे पुरेसं आहे:

```python
import numpy as np
t = np.array([25, 40, 55, 70, 85, 100]) + 273.15
R = np.array([764, 415, 243, 147, 94.2, 61.6])
y = np.log(0.1528 / R * t)
p, c = np.polyfit(1/t, y, 1, cov=True)
k = 8.617e-5
print(-p[0]*k, np.sqrt(c[0, 0])*k)
```

या हिशेबात एक सोय दडलेली आहे. जाडी किंवा व्यास मोजताना चूक झाली असेल, तर सगळे σ एकाच पटीने चुकतात आणि log मध्ये अख्खी रेषा वर किंवा खाली सरकते, उतार तसाच राहतो. पेलेटमध्ये दहा टक्के सच्छिद्रता असली तरी, ती सगळ्या तापमानांना सारखीच असल्यामुळे, उताराला फारसा धक्का लागत नाही. या सगळ्या चुका सूत्रातल्या घातांकाआधीच्या A मध्ये जातात. त्यामुळे A वरून उडीच्या वारंवारतेबद्दल मोठे निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यावा. तापमानाबरोबर पेलेट प्रसरण पावते हा मुद्दाही सोडून द्या. ७५ अंशांत तो टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपासच असतो.

उताराला खरा धोका तापमानाप्रमाणे *बदलत जाणाऱ्या* चुकांचा असतो. अशा दोन चुका नेहमी भेटतात.

पहिली चूक, प्रत्येक तापमानाला रोध नेमका कोणाचा वाचला याची. इम्पिडन्सच्या आलेखात २५ अंशांना ग्रेन बाउंड्रीची कमान दिसते आणि तिच्या उजवीकडे इलेक्ट्रोडची शेपटी. कमानीचं डावं टोक म्हणजे दाण्यांच्या आतला, अर्थात बल्कचा रोध. उजवं टोक म्हणजे बल्क अधिक ग्रेन बाउंड्री, एकूण रोध. वरच्या तक्त्यात एकूण रोध आहे. समजा त्या ७६४ पैकी ५१० ओहम बल्कचे आणि २५४ ग्रेन बाउंड्रीचे आहेत, आणि बाउंड्रीची धारकता ५ नॅनोफॅरड आहे. कमानीचा माथा 1/(2πRC) या वारंवारतेला येतो, म्हणजे २५ अंशांना सुमारे सव्वा लाख हर्ट्झला. दहा लाख हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या यंत्रावर ही कमान व्यवस्थित दिसते. पण ८५ अंशांना बाउंड्रीचा रोध ३१ ओहमांवर उतरतो आणि माथा दहा लाख हर्ट्झवर जाऊन बसतो. डावी बाजू यंत्राच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. १०० अंशांना कमानीचा उजवा कोपरा तेवढा उरतो.

आता कुणी प्रत्येक आलेखात 'आडव्या अक्षावरचं पहिलं टोक' वाचत गेलं, तर थंड तापमानांना बल्क आणि गरम तापमानांना एकूण रोध वाचला जाईल. २५ अंशांना ५१० आणि १०० अंशांना ६१.६ घेऊन दोन टोकांचा हिशेब करा: ऊर्जा ०.३० ईव्हीवर घसरते. पेलेट तीच, यंत्रही तेच, आणि ०.०५ ईव्ही गायब. मधले बिंदू हळूहळू एका प्रकारातून दुसऱ्यात सरकत असल्यामुळे आलेखात मोठा खड्डाही दिसत नाही. थोडा बाक येतो, तो लोक विखुरणं समजून सोडून देतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक कमानीला नाव देण्याआधी तिची धारकता काढायची. माथ्याची वारंवारता आणि कमानीची रुंदी हातात असली की C लगेच मिळतो. एक ते दहा पिकोफॅरडच्या घरात असेल तर बल्क, त्याच्या वर दहा नॅनोफॅरडपर्यंत ग्रेन बाउंड्री, मायक्रोफॅरडच्या आसपास इलेक्ट्रोड. एकच टोक घेऊन रेषा काढायची असेल तर एकूण रोध घ्या, कारण तो सगळ्या तापमानांना वाचता येतो. मात्र त्या ऊर्जेला आलेखाखाली 'एकूण वाहकतेची' असं स्पष्ट लिहा. दाण्यातल्या उडीची ऊर्जा म्हणायची असेल तर रोध बल्कचाच हवा.

जोडतारांचा रोधही याच जातीचा. २ ओहमांच्या तारा ७६४ मध्ये हरवून जातात, पण ६१.६ मध्ये त्या तीन टक्के होतात. वजा केल्या नाहीत तर ऊर्जा सुमारे ०.००४ ईव्हीने कमी येते. पेलेटशिवाय दोन्ही टोकं जोडून एकदा मोजा आणि तो आकडा प्रत्येक वाचनातून वजा करा.

दुसरी चूक तापमानाची, आणि ती जास्त लबाड आहे. भट्टीचा आकडा म्हणजे पेलेटचं तापमान नव्हे. पेलेट धारकाच्या धातूच्या दांड्यांमधून उष्णता बाहेर वाहते, म्हणून भट्टी जितकी गरम तितकी पेलेट मागे राहते. समजा २५ ला दोन्ही सारखे आहेत, पण भट्टी १०० दाखवते तेव्हा पेलेट ९७ वर आहे. आडव्या अक्षावरचा खरा पसारा ०.६७४ नसून ०.६५२ आहे, सुमारे तीन टक्क्यांनी कमी. म्हणजे खरी ऊर्जा सुमारे ०.३६ आणि तुम्ही लिहिली ०.३५. बिंदू मात्र रेषेवर तितकेच नेटके बसतात, कारण चूकही तापमानाबरोबर नेटकीच वाढत गेली. सगळीकडे सारखाच २ अंशांचा फरक असेल तर नुकसान कमी, ०.००४ ईव्हीच्या आसपास.

थर्मोकपलचं टोक पेलेटपासून दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा आणि आलेखात तोच आकडा घ्या. स्थिरतेची कसोटी घड्याळावर सोडू नका. भट्टी ठरल्या तापमानाला पोचल्यावर अर्धा तास थांबा, मग दहा-दहा मिनिटांनी आलेख घ्या. सलग दोन आलेखांत रोध एक टक्क्याच्या आत आला की वाचन पक्कं. या पट्ट्यात एक अंशाने वाहकता साधारण तीन-चार टक्क्यांनी बदलते, त्यामुळे एक टक्का म्हणजे अंशाचा तिसरा-चौथा हिस्सा.

तापत जाताना आणि थंड होताना, दोन्ही वेळा मोजा. पहिल्यांदा तापवताना थंड टोकाची वाहकता जास्त आली आणि उतरताना तितकी आली नाही, तर पेलेटच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांमध्ये ओलावा होता. ओलावा थंड टोक वर उचलतो आणि उतार कमी करतो. अशा वेळी उतरतीचे बिंदू घ्या. दोन्हींची सरासरी काढू नका. एक वाचन बिघडलेलं आहे हे माहीत असताना सरासरी म्हणजे बिघाडाची वाटणी.

आता दशांश स्थळांबद्दल. वरच्या तक्त्याची रेषा संगणकाकडून घेतली तर ऊर्जेची प्रमाण त्रुटी ०.०००८ ईव्ही येते. सहाच बिंदू असल्यामुळे ९५ टक्के विश्वासाच्या पातळीला ती २.८ ने गुणायची, म्हणजे ०.००२. हा आकडा फक्त बिंदू रेषेपासून किती विखुरले आहेत ते सांगतो. तापमानाची मघाची तीन अंशांची चूक एकटी सुमारे ०.०१ ईव्हीची होती आणि ती या आकड्यात कुठेच दिसली नाही. म्हणून ०.३४९८ ± ०.०००८ असं लिहिणं शोभत नाही. थर्मोकपल पेलेटजवळ असेल, तारा वजा केल्या असतील आणि दोन पेलेटी जुळत असतील तर ०.३५ ± ०.०१ लिहा. दुसरी पेलेट करून मोजणं हे कुठल्याही सांख्यिकी सूत्रापेक्षा जास्त बोलतं.

रेषेपासूनचे फरक मात्र नक्की काढून ठेवा. log σT मधून रेषेची किंमत वजा करून 1000/T विरुद्ध मांडा. वरच्या आकड्यांत ते साधारण ±०.००२५ च्या आत आहेत आणि त्यांची चिन्हं आळीपाळीने उणे-अधिक होतात, कमान दिसत नाही. तेच फरक दोन्ही टोकांना उणे आणि मध्ये अधिक, किंवा उलट, असे कमानीसारखे आले असते तर R² ०.९९९ असूनही रेषा वाकलेली आहे असं समजायचं.

वाक कोणत्या दिशेला आहे यालाही अर्थ असतो. गरम बाजूला उतार *वाढला*, तर तिथे वाहणाऱ्या पोकळ्यांची संख्याही तापमानाबरोबर वाढू लागली असण्याची शक्यता आहे. मिठाचा स्फटिक हे याचं जुनं उदाहरण. कमी तापमानाला पोकळ्यांची संख्या अशुद्धी ठरवते, ती बदलत नाही, म्हणून उतार फक्त उडीची ऊर्जा देतो. उच्च तापमानाला स्फटिक स्वतःच सोडियम आणि क्लोरिनच्या पोकळ्यांच्या जोड्या तयार करतो, आणि उतारात उडीच्या ऊर्जेबरोबर जोडी तयार करण्याच्या ऊर्जेचा *अर्धा* हिस्सा येतो. अर्धा, कारण एका ऊर्जेत दोन पोकळ्या मिळतात. तो उतार उडीच्या नावावर खपवला तर दुपटीहून जास्त चूक होते. उलट गरम बाजूला उतार *कमी* झाला, तर थंडीत पोकळ्या मिसळलेल्या आयनांना चिकटून बसत होत्या आणि उष्णतेने सुटल्या, असं बहुधा असतं. यट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियात हे दिसतं. तिथे थंड बाजूच्या उतारात उडीबरोबर सुटकेचीही ऊर्जा असते. दोन्ही बाबतींत वाकलेल्या बिंदूंमधून एकच रेषा ओढून मिळालेली ऊर्जा कशाचीच नसते. एखाद्या तापमानाला रेषा तुटून उडी घेत असेल तर रूपबदल शोधा आणि दोन्ही बाजूंना वेगळ्या रेषा काढा.

तुमच्या पेलेटमध्ये लिथियमचे आयन मुळातच भरपूर आहेत आणि फरकांत वाक नाही, त्यामुळे ०.३५ ही हालचालीची ऊर्जा मानायला हरकत नाही. ती दाण्यातली की बाउंड्री धरून, एवढंच उघडं राहतं, आणि २५ च्या वरच्या मोजणीतून ते सुटणार नाही. थंड बाजूला जा. याच रेषेवरून उणे ४० अंशांना एकूण रोध साधारण २७ हजार ओहम येईल. बल्कचा वाटा दोन तृतीयांश आणि धारकता १० पिकोफॅरड धरली, तर बल्कच्या कमानीचा माथा नऊ लाख हर्ट्झला, यंत्राच्या आवाक्यात येतो. कोरड्या वायूत उणे ४० पासून शून्यापर्यंत दहा-दहा अंशांनी पाच वाचनं घ्या, दोन्ही कमानी वेगळ्या बसवा आणि log σT च्या दोन रेषा काढा. बाउंड्रीसाठी पेलेटचीच जाडी आणि क्षेत्रफळ वापरलं तरी चालेल. तिची खरी वाहकता त्यातून मिळणार नाही, पण उतार बरोबर मिळेल.